बोटावरच्या ऑक्सिमीटरचा फोटो: ८६ खरा धरायचा का?

कोरेगावकर
मावशीचा फोटो घरच्या ग्रुपवर आलाय. बोटात ऑक्सिमीटर, वर ऑक्सिजन ८६, खाली नाडी १३४. सकाळी सातला गारठ्यात स्कूटरवर मागे बसून साताऱ्यात आली आणि उतरल्या उतरल्या लावलं. नखांना गडद मरून, जवळजवळ काळं नेलपॉलिश आहे. वय ५८, दोन दिवस सर्दी-खोकला, बोलताना धाप नाही. निम्मे म्हणतात दवाखान्यात न्या, निम्मे म्हणतात मशीन खोटं बोलतंय. फोटोवरून काही ठरवता येतं का?

कृष्णाकाठ
नेलपॉलिशच आहे, दुसरं काही नाही. गडद रंग प्रकाश अडवतो. ऑपरेशनच्या आधी पॉलिश काढायला लावतात ते उगाच नाही. रिमूव्हरने पुसा, ९७ येईल.

वाईकर
आधी फोटो सरळ आहे का ते बघा. या मशीनवरचे इंग्रजी आकडे उलट्या बाजूने पाहिले की 98 चं 86 दिसतं आणि 86 चं 98. समोर बसलेल्या माणसाने फोटो काढला की हे हमखास होतं. `SpO2` ही अक्षरं सरळ वाचता येतात का?

कोरेगावकर
हो, अक्षरं सरळ आहेत. ८६ च आहे.

मिरजेचा बायोमेडिकलवाला
मग ८६ सोडा, आधी १३४ कडे बघा. हे मशीन लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून आरपार सोडतं आणि प्रत्येक ठोक्याला ते किती कमी-जास्त होतात ते मोजतं. चांगल्या गरम बोटातही हा चढउतार एकूण प्रकाशाच्या जेमतेम काही टक्के असतो. बोट गारठलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तो आणखी कमी होतो. ठोकाच नीट सापडला नसेल तर ऑक्सिजनचा आकडा आला कुठून?

म्हणून मनगटावर बोटं ठेवून ३० सेकंद नाडी मोजा आणि दुप्पट करा. मशीन तेव्हाही १३४ दाखवत असेल आणि हाताला ९० च्या आसपास लागली, तर तो ८६ टाकून द्या. हातालाही १३० लागली तर मशीन ठोका पकडतंय. मग चर्चा थांबवा आणि निघा.

कृष्णाकाठ, पॉलिशवर एवढा भार टाकू नका. काळा, निळा, हिरवा हे रंग त्रास देतात, पण हल्लीच्या मशीनवर फरक साधारण एक-दोन अंकांचा पडतो. एकट्या पॉलिशने ९७ चे ८६ होत नाहीत. जाड थरामुळे प्रकाश फारच कमी पोचला तर आकडा येतच नाही, नुसत्या रेघा दिसतात.

औंधकर
आमच्या वडिलांना सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. डॉक्टरांनी ऑक्सिजन ८८ ते ९२ मध्येच ठेवायला सांगितलंय. म्हणजे ८६ काही फार खाली नाही, उगाच घाबरू नका.

माणदेशी सिस्टर
दादा, ते ठरवलेलं प्रमाण सीओपीडीच्या काही रुग्णांना ऑक्सिजन किती सोडायचा यासाठी असतं. फुप्फुसं चांगली असलेल्या माणसाला ते लावू नका. मावशींचा ८६ खरा असेल तर ती घाबरण्याचीच गोष्ट आहे.

आणि मिरजवाले, तुमचं तंत्र बरोबर आहे, पण लोक यातून काय उचलतील? "हात गार होते", "पॉलिश होतं", "हात हलला" असं म्हणून खरा कमी आकडा झटकतील. कोविडमध्ये ऐंशीच्या घरात असलेली माणसं चालत-बोलत दवाखान्यात आलेली सगळ्यांना माहीत आहेत. "धाप नाही" हा पुरावा नव्हे. कमी आकडा खोटा ठरेपर्यंत खरा धरायचा, हे माझं ठाम मत.

मिरजेचा बायोमेडिकलवाला
सिस्टर, हे मान्य, पण खोटा ठरवायला दहा मिनिटं पुरतात. तेवढी न देता फोटोवर धावपळ करणंही बरोबर नाही. ओठ निळसर, गुंगी, छातीत दुखणं यातलं काही असेल तर मात्र मोजत बसूच नये.

हालचालीचं एक नीट समजून घ्या, कारण बहुतेकांना वाटतं की हात हलला की आकडा फक्त घसरतो. हात थरथरला की शिरांमधलं रक्तही हिंदकळतं आणि दोन्ही प्रकाश जवळजवळ सारखेच कमी-जास्त होतात. दोन्ही सारखे झाले की मशीनच्या हिशोबात उत्तर ८५ च्या आसपास येतं. म्हणून थंडीने कापणाऱ्या हातावर ८४, ८५, ८६ दिसले आणि नाडी भलतीच असली की मला आधी हालचालीचा संशय येतो.

माणदेशी सिस्टर
मग दुसरी बाजूही सांगा. खरा ७६ असलेल्या माणसाचा हात कापत असेल तर तोही वर सरकून ८५ कडे जाईल. हालचाल आकडा खालीच नेते असं नाही.

मिरजेचा बायोमेडिकलवाला
बरोबर. म्हणूनच "८५ आला म्हणजे खोटा" असं मी म्हणत नाही, "८५ आला म्हणजे परत मोजा" एवढंच.

कोरेगावकर, असं करा. मावशींना खुर्चीत पाच मिनिटं शांत बसवा. हात कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं धरून नीट पुसा. मधुमेहाने बोटं बधिर असतील तर पाणी आधी दुसऱ्याने तपासा. मधल्या बोटाचं पॉलिश काढा, बाकीचं राहू द्या. हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकवा आणि बोट क्लिपमध्ये टोकापर्यंत घाला. पहिला आकडा लिहू नका. मिनिटभर थांबा, शेवटच्या १५-२० सेकंदांत जो टिकून राहील तो घ्या. स्क्रीनवरची पट्टी किंवा लाट प्रत्येक ठोक्याला एकसारखी उसळायला हवी.

कृष्णाकाठ
आणि जेल पॉलिश असलं तर? ते रिमूव्हरने पटकन निघत नाही.

मिरजेचा बायोमेडिकलवाला
क्लिप बोटावर आडवी लावा, म्हणजे प्रकाश नखातून न जाता बोटाच्या एका कडेकडून दुसरीकडे जाईल. घरगुती क्लिप अशी घट्ट बसत नाही, हाताने हलका आधार द्यावा लागतो, आणि आधार देणाराच हात हलला तर पुन्हा तेच. पायाचं बोट चालतं, पण तेही गरम हवं. कानाच्या पाळीला ही क्लिप लावू नका.

कोरेगावकर
मोजलं. नाडी मनगटावर ९२, मशीनवर ९३. ऑक्सिजन पुसलेल्या मधल्या बोटावर ९४, मिनिटभर तिथेच. शेजारच्या पॉलिशवाल्या बोटावर ९३.

कृष्णाकाठ
एकाच अंकाचा फरक? मग ८६ गारठ्याने आणि हात हलल्यानेच आला म्हणायचा. पण पॉलिश काढायला काय जातं, काढलेलं बरंच.

माणदेशी सिस्टर
८६ गेला, पण ९४ वर मी खूश नाही. घरगुती मशीन दोन-तीन अंक इकडे-तिकडे असतं, आणि सावळ्या त्वचेवर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवण्याकडे त्याचा कल असतो. खोकला आहे, वय ५८ आहे. आजच डॉक्टरांना दाखवा. नाडी अनियमित असली तर मनगटाची तुलनाही फसते, हेही त्यांना तपासू दे.

मिरजेचा बायोमेडिकलवाला
मला वाटतं दर दोन तासांनी त्याच मधल्या बोटावर, तसंच बसवून मोजावं, आणि ९४ च्या खाली टिकला किंवा धाप लागली की लगेच जावं. दाखवायला माझी ना नाही, फक्त ९४ साठी धावत सुटायचं कारण दिसत नाही.

माणदेशी सिस्टर
धावत नको, पण संध्याकाळपर्यंत थांबूही नये. यावर आपलं जमणार नाही.

कोरेगावकर
दुपारी दाखवून आणतो. ग्रुपवर आता फोटो नको, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ पाठवा असं सांगितलंय. त्यात लाट आणि नाडी दोन्ही दिसली पाहिजेत.