बिजागरीची युक्ती

> «चौरसापेक्षा वर्तुळ मोठं हे आकडेमोडीनं पटतं, पण सगळ्याच आकारांना ते हरवतं कशावरून?»

परिमिती सारखी असेल तर सगळ्यांत जास्त क्षेत्रफळ वर्तुळाचंच, हे पटायला आकडेमोड नकोच, कात्री घ्या. युक्ती स्विस गणिती याकोब श्टायनरची, एकोणिसाव्या शतकातली.

पुठ्ठ्याचा कोणताही फुगीर आकार घ्या. परिमिती बरोब्बर निम्मी होईल असा सरळ छेद द्या आणि मोठ्या क्षेत्रफळाचा भाग ठेवा. दुसऱ्या बाजूला त्याचंच प्रतिबिंब जोडलं तर परिमिती तीच राहते, क्षेत्रफळ कमी होत नाही. आता या भागाच्या कडेवर कुठेही एक बिंदू घेऊन तो छेदाच्या दोन्ही टोकांना जोडा. मधे त्रिकोण, बाहेर दोन तुकडे. बिंदूपाशी बिजागरी आहे असं समजून तुकडे फिरवा: कड तेवढीच, तुकडे तेच, बदलतो फक्त त्रिकोण. त्याच्या दोन बाजू ३ आणि ४ असतील, तर ६० अंशांत क्षेत्रफळ सुमारे ५.२ आणि ९० अंशांत ६. म्हणजे काटकोन नसेल तिथे वाढायला अजून जागा आहे. कडेवरच्या प्रत्येक बिंदूपाशी काटकोन झाला की वाढ थांबते, आणि असा आकार म्हणजे अर्धवर्तुळ. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो हे शाळेतलंच प्रमेय, उलटं वाचलेलं.

एक खोच मात्र आहे. यातून वर्तुळाखेरीज कोणी जिंकू शकत नाही एवढंच ठरतं. मुळात कोणीतरी जिंकतोच, हे श्टायनरनं गृहीत धरलं होतं; ती फट पुढे जर्मन गणिती वायरश्ट्रासनं बुजवली.