मदत हवी आहे: टाइप-सी वायर लावली तरी टीव्हीवर चित्र येत नाही (शाळेसाठी)

शेवंती_गुहागर
आमची शाळा खाडीकाठची, दोन शिक्षकी. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून ३२ इंची टीव्ही दिला. साधा आहे, स्मार्ट नाही, पण एचडीएमआय आहे. मला फोनचा कॅमेरा वहीवर धरून भागाकार कसा मांडायचा ते सगळ्या वर्गाला एकदम दाखवायचंय. म्हणून टाइप-सी ते एचडीएमआय वायर ऑनलाइन मागवली. फोन चार्ज होतो, पण टीव्हीवर नुसतं `No Signal`. इनपुट बदलून पाहिलं. फोन २०२० चा, अँड्रॉइड १०. शाळेत नेट जवळजवळ नाहीच. वायर खराब आहे का?

बंदरावरचा
ताई, सेटिंगमध्ये ओटीजी चालू करा. माझंही असंच झालं होतं, पेनड्राइव्ह दिसतच नव्हता. आणि स्वस्तातल्या वायरी घेऊ नका.

शेवंती_गुहागर
ओटीजी चालू केलं. पेनड्राइव्ह दिसतो, टीव्ही नाही.

जुना_वायरमन
पेनड्राइव्ह चालला म्हणजे चित्र येईल असं नाही. ओटीजीवर फायली जातात. अशा वायरीला फोननेच चित्र पाठवावं लागतं, आणि ती सोय टाइप-सीच्या प्रत्येक भोकात नसते. भोक सगळ्यांचं सारखं, आतली जोडणी वेगळी. तुमच्या मॉडेलचं नाव टाकून स्पेसिफिकेशन बघा. `USB Type-C 2.0` एवढंच लिहिलं असेल तर या वायरीने चित्र येणार नाही, दहा हजारांची आणली तरी नाही. `DisplayPort` असं लिहिलेलं हवं. सॅमसंगच्या महागड्या एस मालिकेत आणि आयफोन १५ पासून पुढे ते मिळतं, स्वस्त फोनमध्ये क्वचितच. वायर परत करता येत असेल तर करा.

शेवंती_गुहागर
`USB Type-C 2.0, OTG` असंच आहे. पैसे गेले म्हणायचे. नवा फोन परवडणारा नाही. वायरलेसला नेट लागतं ना?

जुना_वायरमन
त्यात दोन जाती आहेत. क्रोमकास्टसारख्याला राउटर लागतो, फोन आणि तो एकाच वायफायवर हवेत. मिराकास्टला राउटरही नको आणि नेटही नको, फोन थेट टीव्हीच्या एचडीएमआयत लावलेल्या डोंगलशी बोलतो. पण विकत घेण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये `Cast` किंवा `Wireless display` शोधा. पिक्सेल फोनला मिराकास्ट नाही, बाकी बऱ्याच कंपन्यांना आहे. डोंगलला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. तिथे बहुधा अर्धा अँपिअरच मिळतो आणि डोंगल मध्येच बंद-चालू होत राहतं. जुन्या मोबाइलचा चार्जर वापरा.
एक उणीव सांगतो, चित्र थोडं उशिरा येतं. वही दाखवायला चालेल. पण लिहिताना तुम्हीच टीव्हीकडे बघत राहिलात तर हात चुकेल.

भोस्ते_घाट
आमच्या मंडळात क्रिकेट दाखवायचं म्हणून डोंगल आणलं. ओटीटी ॲप चालू केलं की आवाज येतो, चित्र काळं! डोंगल बदलून घेऊ का?

जुना_वायरमन
डोंगलचा दोष नाही दादा. असली ॲप्स कॉपीबंदीमुळे चित्र बाहेर जाऊ देत नाहीत. ताईंच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, वेगळा धागा काढा.
ताई, शाळेत लॅपटॉप आहे का?

शेवंती_गुहागर
केंद्रातून आलेला एक आहे, जुना पण चालतो. एचडीएमआय आहे त्याला.

जुना_वायरमन
मग तोच एचडीएमआय वायरीने टीव्हीला जोडा, डोंगल लागणारच नाही. फोनच्या माहितीत `Build number` वर सातदा टॅप करा, मग डेव्हलपर पर्यायांत `USB debugging` चालू करा. घरी नेट असताना लॅपटॉपवर scrcpy हे फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवणारं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून ठेवा. शाळेत चार्जिंगच्याच, पण डेटा जाणाऱ्या वायरीने फोन जोडा. फोन परवानगी विचारेल, ती द्या, आणि हे चालवा:

```
scrcpy -m 1280 --stay-awake
```

`-m 1280` ने चित्राचा आकार कमी होतो, जुन्या लॅपटॉपला ते झेपतं. उशीर जवळजवळ नसतो. आवाज मात्र अँड्रॉइड ११ पासून पुढेच लॅपटॉपवर येतो. तुमचा १० आहे, म्हणजे आवाज फोनमधूनच. भागाकाराला लागत नाही म्हणा.

शेवंती_गुहागर
परवा केलं! आधी लॅपटॉपवर scrcpy ची खिडकी उघडेचना, वायर नुसती चार्जिंगची होती. शिपाईमामांच्या फोनची वायर लावल्यावर आलं. फोन डब्यांच्या उतरंडीवर आडवा ठेवला, कॅमेरा कडेबाहेर. ७ ने ८५३ ला भागताना शेवटची ओळ मागच्या बाकापर्यंत दिसली. फक्त कॅमेऱ्यात वहीवर ट्यूबलाइटच्या पट्ट्या पळतात.

बंदरावरचा
फोन खराब झाला असेल.

जुना_वायरमन
फोन बरा आहे, ती ट्यूबची लुकलुक आहे. कॅमेऱ्यात `50 Hz` असा पर्याय सापडतो का बघा, काही फोनमध्ये असतो. नसेल तर वही खिडकीपाशी घ्या. आणि एचडीएमआयची टोकं शनिवारी काढून कोरड्या कापडाने पुसत जा. खाडीच्या हवेने माझी दोन भोकं हिरवी पडलीत.

शेवंती_गुहागर
पर्याय सापडला नाही. खिडकीपाशी पट्ट्या जातात, पण पावसात खिडकी बंद. तेव्हाचं काय ते कुणी सुचवा.