मदत हवी आहे: भारित बेरजेतून मधला मार्ग निसटतो

खर्च आणि वेळ या दोन निकषांवर तीन मार्ग आहेत: क (10, 50), ख (32, 32) आणि ग (50, 10). ख हा नॉन-डॉमिनेटेड आहे, कारण क आणि ग यांपैकी कोणताही मार्ग दोन्ही निकषांवर त्याच्याइतका चांगला नाही. तरीही w·खर्च + (1−w)·वेळ यात w 0 ते 1 पर्यंत 0.01 च्या टप्प्याने बदलून पाहिला, तेव्हा प्रत्येक वेळी क किंवा ग हेच मिळाले. w = 0.5 ला त्या दोघांची बेरीज 30 आणि ख ची 32 येते, म्हणजे ख त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या वर आहे आणि टप्पा आणखी बारीक करून उपयोग नाही, हे लक्षात आले. नेमका असा समतोल मार्गच मला हवा आहे.

प्रत्येक नोडवर (खर्च, वेळ) लेबले ठेवून पाहिली. उत्तर बरोबर येते, पण मोठ्या जाळ्यात लेबले फार वाढतात. सर्व कडांची मूल्ये धन व स्थिर आहेत. गंतव्यापासून उलट डायक्स्ट्रा चालवून मिळालेल्या किमान खर्च-वेळेच्या आधारे लेबले छाटावीत, की वेळेवर मर्यादा घालून किमान खर्चाचा मार्ग पुन्हापुन्हा शोधावा? एकही नॉन-डॉमिनेटेड मार्ग न गमावता यांपैकी काय अधिक परवडेल?