तिन्हीला "घसारा" लिहिलं तर बिघडतं काय?

उद्यमनगरवाला: मार्चएंडचा अहवाल मराठीत करून घेतोय. भाषांतर करणारी बाई डेप्रिसिएशन, अमॉर्टायझेशन आणि इम्पेअरमेंटला तीन वेगळे शब्द मागत्यात. सरळ तिन्हीला घसाराच लिहा की! शेवटी तिन्हीत मालमत्तेची किंमतच कमी होते, सभासदाला तेवढं कळलं म्हणजे झालं. उगाच शब्दांचा खेळ कशाला?

लेखाटिपणी: बिघडतं, आणि बिघडतं ते पुढच्या वर्षी. एक मशीन धरा, 50 लाखाचं, आयुष्य 10 वर्षं, दरवर्षी सारखा घसारा म्हणजे 5 लाख. चार वर्षं झाली, 20 लाख घसारा गेला, वहीत राहिले 30. आता ज्या पार्टसाठी ते घेतलं होतं त्याची ऑर्डरच बंद पडली. विकायला काढलं तर खर्च वजा जाता 15 लाख येतील आणि ठेवून चालवलं तर उरलेल्या वर्षांत मिळणाऱ्या पैशांची आजची किंमत 18 लाख. दोन्हीतला मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे 18. मग 30 आणि 18 मधले 12 लाख त्याच वर्षी तोट्यात टाकायचे. हे इम्पेअरमेंट. तुम्ही ते घसाऱ्यात मिसळलं तर वाचणाऱ्याला दिसणार, या मशीनवर या वर्षी घसारा 17 लाख. पुढच्या वर्षी उरलेले 18 लाख सहा वर्षांत वाटायचे, म्हणजे घसारा 3 लाख. सभेत पहिलाच माणूस उठून विचारणार, 17 चे 3 कसे झाले, नफा फुगवायला घसारा कमी टाकलाय का? त्याचं काही चुकलेलं नसतं, आपणच त्याला एका शब्दात दोन गोष्टी दिल्या. शिवाय दोन वर्षांनी ऑर्डर परत आली तर त्या 12 लाखातली काही रक्कम नफ्यात परत घेता येते. वापराचा घसारा असा परत फिरवत नाहीत. तेव्हा तुम्ही काय छापणार, "घसारा परत आला"?

भवानीमंडप: हे बरोबर आहे पण अर्धंच. कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये डेप्रिसिएशन आणि अमॉर्टायझेशन एकाच ओळीत येतं नफातोटा पत्रकात. कायद्यालाच फरक पडत नाही तर मराठीला का पडावा? इम्पेअरमेंट वेगळं ठेवा, बाकी दोन घसाराच.

लेखाटिपणी: ओळ एक आहे, शब्द दोन आहेत. तेही मुद्दाम. मागच्या टिपेत दोन्ही सुटे दाखवावे लागतात. मराठी वाचणारा माणूस ओळीवरून टिपेकडे जातो ना, तिथं त्याला तोच शब्द दिसायला पाहिजे.

शिरोली_प्लॉट: भवानीमंडप, तुमच्या याच "बाकी दोन घसारा"मुळे आमच्याकडं सभेत तासभर गोंधळ झाला. आमची जमीन एमआयडीसीची, 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. सुरुवातीला जो प्रीमियम भरला तो 95 वर्षांत थोडा थोडा खर्ची पडतो. समजायला सोपं म्हणून 95 लाख धरा, वर्षाला 1 लाख. अहवालात छापलं "जमिनीवरील घसारा". झालं! एक जुने सभासद उठले, म्हणाले जमिनीला कधी घसारा असतो होय, जमीन काय झिजत्या? कोण चोरी करतंय ते सांगा. अध्यक्ष गप्प, ऑडिटर गप्प. माझे काका तिथंच बसले होते, त्यांनी दुसऱ्या दिवशी मला अहवाल दाखवून विचारलं, खरंच काय भानगड आहे का रे.

उद्यमनगरवाला: पण सभासदाचं बरोबरच आहे की, जमिनीला घसारा नसतोच.

शिरोली_प्लॉट: तेच तर म्हणतोय! मालकीच्या जमिनीला नसतो. इथं जमीन आपली नाही, वापरायचा हक्क आहे, आणि तो दरवर्षी एका वर्षानं कमी होतो. "भाडेपट्ट्याच्या प्रीमियमपैकी यंदा खर्ची टाकलेली रक्कम" असं लिहिलं असतं तर कुणी तोंड उघडलं नसतं.

रंकाळा_संध्याकाळ: अमॉर्टायझेशन म्हणजे हप्ते ना? माझ्या घराच्या कर्जाच्या कागदावर तोच शब्द आहे, पहिली कित्येक वर्षं नुसतं व्याजच जातंय, मुद्दल हलतच नाही. बँकवाले हे मराठीत का नाही सांगत कधी?

लेखाटिपणी: ताई, तो कर्जफेडीचा तक्ता, शब्द तोच पण बाजू वेगळी. तिथं देणं कमी होतं, इथं मालमत्ता खर्ची पडते. म्हणून तर कोशात बघून "कर्जफेड" लिहिणारे अहवालात फसतात. सॉफ्टवेअरच्या पुढं "कर्जफेड" छापलेलं मी स्वतः तपासून काढलंय.

भवानीमंडप: मग शब्द तरी द्या! सरकारी थाटात "निर्लेखन" म्हणता येईल.

शिरोली_प्लॉट: आवरा. सहकारात निर्लेखन म्हटलं की लोकांना बुडीत कर्ज आठवतं. "प्रीमियमचे निर्लेखन" वाचलं तर परत तासभर सभा.

भवानीमंडप: तुमचं सगळं सभेवरच अडलंय. सभेला घाबरून भाषा लिहायची का आता?

शिरोली_प्लॉट: अहवाल सभेसाठीच छापतात हो! सप्टेंबरअखेरपर्यंत सभा घ्यायची म्हणूनच सगळी धावपळ असते. तुम्हाला सभासदासमोर कधी उभं राहायला लागलंय का?

लेखाटिपणी: भांडू नका दोघं. निर्लेखन नको हे माझंही मत, कारण त्याच अहवालात पाच पानं पुढं कर्जं निर्लेखित केल्याचा ठराव असतो. मी "अमॉर्टायझेशन" देवनागरीत ठेवते आणि वाक्यात "खर्ची टाकणे" वापरते. अवघड काम इम्पेअरमेंटचं आहे. मूल्यऱ्हास छान वाटतो, पण हिंदीत मूल्यह्रास म्हणजे सरळ डेप्रिसिएशन. हिंदी मसुद्यावरून मराठी करणारा माणूस मूल्यऱ्हास घसाऱ्याच्या जागी टाकतो, मग ऑडिट रिपोर्टात तोच शब्द इम्पेअरमेंटला येतो. हे ओळखायची खूण सोपी आहे. मराठी प्रतीत एकेक शब्द शोधायचा आणि त्याच्यासमोरचा आकडा इंग्रजी प्रतीत कुठल्या शब्दासमोर आहे ते बघायचं. नफातोटा पत्रक, मालमत्तेचं परिशिष्ट, हिशेब धोरणाची टीप आणि ऑडिट रिपोर्ट, चारही ठिकाणी. एका मराठी शब्दाला दोन इंग्रजी शब्द लागले की अहवाल छापखान्यात जाऊ द्यायचा नाही.

उद्यमनगरवाला: 17 चे 3 हे पटलं, दुसरं काही नाही. मशीनचं तसंच प्रकरण आमच्याकडं यंदा आहे म्हणून मानतो. पण मूल्यऱ्हास माझ्या वडिलांना कळणार नाही. "किमतीतली कायमची तूट" चालेल का?

लेखाटिपणी: "कायमची" काढा, कारण ती परत येऊ शकते म्हटलं ना वर. "वसूल होणार नाही अशी तूट" जवळ जातं, पण परिशिष्टाच्या रकान्यात मावत नाही. मी मूल्यघट वापरते आणि धोरणाच्या टिपेत एकदाच पूर्ण वाक्यात सांगते.

पन्हाळा_बँकिंग: तुमचं सगळं मशीन आणि जमीन चाललंय. नागरी बँकेच्या अहवालात वर्षानुवर्षं "गुंतवणूक घसारा निधी" छापतात. रोख्याची बाजारातली किंमत पडली म्हणून केलेली तरतूद ती, रोखा काय झिजत नाही. आणि त्याच पानावर सरकारी रोखे जादा भावानं घेतले तो प्रीमियम मुदतीपर्यंत अमॉर्टाइज होतोय, तोही कुणी कुणी घसाराच लिहितं. आधी ते सुधारा.

लेखाटिपणी: प्रीमियमचं लगेच सुधारता येतं, ते "खर्ची टाकणे"मध्ये बसतं. निधीच्या नावाला मात्र भाषांतर करणाऱ्यानं एकट्यानं हात लावू नये. तेच नाव ताळेबंदात मागच्या वर्षीच्या रकान्यासमोर असतं, मधेच बदललं तर जुना निधी गेला कुठं आणि नवा आला कुठून असं होतं. संचालकांना विचारून बदला आणि त्या वर्षी खाली टीप द्या.

भवानीमंडप: म्हणजे बँकेत चुकीचा घसारा चालतो, आम्ही लिहिला तर नाही. बरं, अमॉर्टायझेशन वेगळं ठेवतो, शिरोलीवाल्यांच्या जमिनीपुरतं मान्य. सॉफ्टवेअरला घसारा लिहिल्यानं कुणाचं काय अडलं ते मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.

शिरोली_प्लॉट: जमिनीला एक आणि सॉफ्टवेअरला दुसरा शब्द केला तर परिशिष्टाची बेरीज कुठल्या ओळीशी जुळवणार?