मदत हवी आहे: राखीच्या भेटवस्तूंचा मेल अर्ध्यातच तुटतोय

चाटीगल्लीकर
दुकानाच्या गिऱ्हाइकांना राखीच्या भेटवस्तूंचा मेल पाठवायचाय. वर बजेटप्रमाणे गट केलेत, ५०० पर्यंत, १००० पर्यंत, २००० पर्यंत. त्याखाली नात्याप्रमाणे: बहीण, भाऊ, वहिनी, भाचरं. टेस्ट मेल उघडला की वहिनी आणि भाचरं गायब! फोटो लहान करून झाले, फरक शून्य. उद्या सकाळी मेल जायलाच हवा. लवकर सांगा.

सातरस्ता
विकता काय? मेल कशात उघडला, फोनवर की कॉम्प्युटरवर? हे न सांगता उत्तर कसं द्यायचं?

चाटीगल्लीकर
सोलापुरात दुकान म्हटल्यावर काय विकणार? चादरी, टॉवेल, नॅपकिन, वॉल हँगिंग आणि शेंगाचटणीची पाकिटं. मेल जीमेलवर उघडला, दोन्हीकडे तेच.

हुरडापार्टी
मेल कोण वाचतं हो आता? व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग टाका, मोकळे व्हा. आमच्या पापडाच्या ऑर्डरी सगळ्या तिथूनच येतात.

चाटीगल्लीकर
आमची निम्मी गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची. गेल्या वर्षीही मेलवरूनच ऑर्डरी आल्या. मेलचंच सांगा.

प्रूफवाला
तळाशी `[Message clipped] View entire message` असं दिसतंय का?

चाटीगल्लीकर
हो, अगदी बारीक अक्षरात.

प्रूफवाला
मग फोटोंचा दोष नाही. मेलचा कोड साधारण १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल उरलेलं कापतं. लिंकने जोडलेल्या फोटोंचं वजन त्यात धरत नाही, म्हणून ते लहान करून काही होणार नाही. तुमच्याकडे एकच चादर बजेटमध्ये, परत बहिणीत, परत वहिनीत येत असणार. प्रत्येक वेळी तिचा पूर्ण कोड वाढतो. शिवाय कापलेल्या भागात अनसबस्क्राइबची लिंकही जाते. ती नाही सापडली की लोक वैतागून स्पॅममध्ये टाकतात. प्रत्येक वस्तू एकदाच ठेवा. मथळे नात्याचे, आणि किंमत वस्तूखाली ठळक.

विजापूररोड
हे नाही पटलं. आपला माणूस आधी खिसा बघतो. मथळे बजेटचेच हवेत.

प्रूफवाला
बहीण ठरलेली असते, बजेट वस्तू बघून दोनशे-तीनशेने हलतं. बजेट हवंच असेल तर वर तीन बटणं द्या, त्यांची लिंक वेबसाइटवरच्या किमतीच्या फिल्टरला. मेलच्या आतच खाली उडी मारणाऱ्या लिंक देऊ नका, फोनवर त्या बऱ्याचदा चालत नाहीत.

विजापूररोड
बटण दाबून बाहेर गेलेला माणूस परत मेलमध्ये येत नाही. मी बजेटवरच ठाम आहे.

लाडकाभाऊ
माझं बजेट ७०० आहे, बहीण बार्शीला असते. काय द्यावं?

सातरस्ता
अहो, तो प्रश्नच नाहीये इथे! द्या टॉवेलचा सेट. चाटीगल्लीकर, एक विचारायचं राहिलं, बजेटच्या किमतीत कुरिअर धरलंय का?

चाटीगल्लीकर
नाही. कुरिअर वेगळं, शेवटी लागतं.

सातरस्ता
तिथेच गाडी अडते. समजा चादर ९४० ची, १००० पर्यंतच्या गटात. चादर जड, कुरिअर ९० धरा. पैसे भरताना आकडा १०३० होतो आणि गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं. टॉवेल-नॅपकिन हलके, त्यांना एवढी झळ बसत नाही. मथळा ‘घरपोच १००० पर्यंत’ असा करा आणि जी वस्तू कुरिअर धरून बसत नाही ती वरच्या गटात टाका.

माहेरवाशीण
आणि ‘भावासाठी’ म्हणजे नक्की कोणी घ्यायचं? ओवाळणी भाऊ घालतो, राखीसोबत भेट बहीण पाठवते. ‘बहिणीला ओवाळणी’ आणि ‘भावाला राखीसोबत’ असं स्पष्ट लिहा. बहिणींचा मेल आधी जाऊ द्या, पार्सल पोर्णिमेच्या आत पोचायला हवं. पोस्टात राखीची पाण्याने न भिजणारी पाकिटं मिळतात, मी त्यातच पाठवते.

हुरडापार्टी
पाकिटात चटणी जाते का? अमेरिकेतल्या पुतण्याला पाठवायचीय.

चाटीगल्लीकर
वस्तू एकदाच ठेवून परत टेस्ट केली. आता क्लिप्ड येत नाही, पण अर्धा मेल तीन टिंबांमागे लपतोय! आता काय?

प्रूफवाला
एकाच विषयाचे मेल जीमेल एका साखळीत लावतं आणि आधीसारखा मजकूर दुमडून ठेवतं. ते कापणं नव्हे. प्रत्येक टेस्टला विषय बदला, म्हणजे गिऱ्हाइकाला दिसेल तसं दिसेल.

चाटीगल्लीकर
विषय बदलला, भाचरांपर्यंत सगळं दिसलं. मथळे नात्याचे ठेवतोय, किमती घरपोच. चादरीचं वजन करून कुरिअरचे आकडे आज रात्रीच बसवतो.

विजापूररोड
अर्ध्या यादीला बजेटचे मथळे लावून पाठवा आणि कुठल्या अर्ध्यातून ऑर्डरी जास्त आल्या ते इथे टाका. मग बोलू.