धागा पदनामात नाही, कामात शोधा

> "आधी मेडिकल दुकान, मग ठिबक सिंचनाची विक्री, आता विमा दाव्यांचं काम. परिचयात हे एकत्र कसं बांधू?"

प्रत्येक ठिकाणी लोक तुमच्याकडे नेमकं काय विचारायला यायचे, ते एकेका वाक्यात लिहून पाहा. डॉक्टरांची चिठ्ठी, ठिबकच्या अनुदानाचा अर्ज, पॉलिसीतल्या अटी: तिन्हीकडे तुम्ही किचकट कागद उलगडून सांगत होता. मग पहिलं वाक्य असं होईल: ‘औषधाची चिठ्ठी असो वा विम्याची पॉलिसी, कागदापाशी अडलेल्या माणसाला मी त्याचा अर्थ समजावतो.’

‘लोकांशी संवाद साधतो’ असलं मात्र नको. ते तुमच्या शेजाऱ्यालाही लागू पडतं, म्हणजे तो तुमचा धागा नव्हे. एखादी नोकरी ओढूनताणून बसवावी लागली तर परिचयातून खुशाल गाळा, बायोडेटात ती राहतेच.