मदत हवी आहे: औषधांच्या टंचाईच्या चॅटवरून डिस्ट्रिब्युटरला मेल कसा लिहायचा? (आज रात्रीच पाठवायचाय)

सांगलीची_मेघना
मी मेडिकलमध्ये बिलिंग आणि ऑर्डर बघते. दुकान काकांचं, फार्मासिस्टही तेच. दिवसभर काउंटरवर गर्दी असते, म्हणून जे संपलं ते मला व्हॉट्सॲपवर टाकतात. आजचा मेसेज (ब्रँड काढून मूळ नावं लिहिली आहेत):

"मेट 500 - 20, थायरो 50 - 5, मिक्स 30 - 10, क्लॅव 625 - 30 अर्जंट. नसेल तर दुसरं टाक. सकाळच्या गाडीला पाहिजे."

डिस्ट्रिब्युटरला आता सगळं मेलवरच लागतं. ऑर्डरचा एक आणि पर्यायी मालाचा एक, असे दोन मेल. कुणी तयार नमुना देईल का? साडेनऊच्या आत पाठवायचेत.

रानवारा
मेल कशाला? फोन करा. आमचा स्टॉकिस्ट फोनवर दोन मिनिटांत घेतो.

सांगलीची_मेघना
फोनवरच चाललं होतं. गेल्या आठवड्यात चुकीचा माल आला आणि कोण काय बोललं ते कुणालाच सिद्ध करता येईना. म्हणून मेल.

जुना_बिलिंगवाला
मेघनाताई, चुकीचा म्हणजे नेमका काय आला? आणि 20 म्हणजे 20 पट्ट्या की 20 बॉक्स? मी होलसेलमध्ये चौदा वर्षं ऑर्डरी उतरवल्या आहेत. मेलच्या भाषेपेक्षा हे आधी कळायला हवं.

सांगलीची_मेघना
पट्ट्याच. काका नेहमी पट्ट्या मोजतात. इन्सुलिन चुकलं होतं. आम्हाला व्हायल हव्या होत्या, पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज आली. मेटफॉर्मिनही एसआर हवं होतं, साधं आलं.

केमिस्ट_कोल्हापूर
नमुन्याची काय गरज? मेलमध्ये सरळ लिहा, "उपलब्ध नसल्यास समकक्ष ब्रँड पाठवावा." औषध तेच, कंपनी वेगळी, त्यात एवढं काय. आणि 625 नसेल तर 375 मागवा, गिऱ्हाइकाला दोन-दोन द्या.

जुना_बिलिंगवाला
दादा, दुसरा ब्रँड मागवून दुकानात ठेवायला हरकत नाही, तेवढं बरोबर आहे. पण 375 चं गणित चुकतंय. 625 मध्ये अमॉक्सिसिलिन 500 आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड 125 असतं. 375 मध्ये 250 आणि 125. दोन गोळ्या दिल्या की अमॉक्सिसिलिन 500 च होतं, पण क्लॅव्ह्युलॅनिक दुप्पट, म्हणजे 250. त्याने पोट बिघडतं, जुलाब लागतात. 625 ला पर्याय 500 अधिक 125 चाच, दुसरा नाही.

केमिस्ट_कोल्हापूर
हे मान्य. पण ब्रँड बदलायला कोण अडवतं? आम्ही रोज देतो.

फार्मसी_शिकवते
नियम अडवतो. औषध नियम 1945 मधला 65(11A) बघा. चिठ्ठीवर शेड्यूल एच, एच1 किंवा एक्सचं औषध असेल तर त्याऐवजी दुसरी तयारी देता येत नाही, घटक तेच असले तरी. डॉक्टरांना विचारून चिठ्ठी बदलून घ्यावी लागते. डिस्ट्रिब्युटरकडून काय घ्यायचं हा खरेदीचा प्रश्न, पेशंटला काय द्यायचं हा वेगळा. मेघना, म्हणून पर्यायाच्या मेलमध्ये "दुसरं टाका" असं कधीच लिहू नकोस. पर्याय फार्मासिस्टने ठरवायचा, गोडाऊनमधल्या पोऱ्याने नाही.

केमिस्ट_कोल्हापूर
मग जनऔषधीचं काय? सरकारच जेनेरिक घ्या म्हणतं. इतकं काटेकोर राहिलं तर छोटं दुकान बंद पडेल. यावर वेगळा धागा काढतो.

वसईकर_अप्पा
माझ्या वडिलांना इन्सुलिन चालू आहे. गावी नेताना बर्फात ठेवावं का?

फार्मसी_शिकवते
अप्पा, बर्फाला टेकवू नका, गोठलं तर ते वापरायचंच नाही. न उघडलेलं 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. मेघना, तुमच्याकडे कार्ट्रिज आली ती कुणाला दिली तर नाही ना?

सांगलीची_मेघना
नाही, तशीच फ्रिजमध्ये आहेत. पण त्यात इतकं काय? दोन्हीवर 30/70 च लिहिलंय.

फार्मसी_शिकवते
तिथेच धोका आहे. आपल्याकडे व्हायल सहसा 40 युनिट प्रति मिली असते आणि पेनची कार्ट्रिज 100 ची. लाल टोपणाची 40 ची सिरिंज कार्ट्रिजमध्ये खुपसून कुणी नेहमीच्या रेघेपर्यंत भरलं, तर अडीच पट इन्सुलिन अंगात जातं. 30/70 हे फक्त मिश्रणाचं प्रमाण, ताकद नाही. म्हणून इन्सुलिनच्या ओळीत व्हायल हा शब्द आणि 40 हा आकडा, दोन्ही हवेत. "मिक्स 30 - 10" यात दोन्ही नाहीत.

जुना_बिलिंगवाला
ताई, आता कामाचं. काकांच्या मेसेजमध्ये जे नाही ते तुम्ही अंदाजाने भरू नका. याच डिस्ट्रिब्युटरचं मागचं बिल काढा. त्यावर नाव, ताकद आणि पॅक त्यांच्याच पद्धतीने छापलेलं असतं, तेच जसंच्या तसं मेलमध्ये उतरवा, म्हणजे तिकडे उतरवणारा चुकत नाही. बिलावर साधं आणि एसआर दोन्ही असतील तर मात्र काकांनाच विचारा. थायरो 50 मागवलंय ते मायक्रोग्रॅम, आणि 5 म्हणजे बहुतेक 5 बाटल्या, कारण ते बाटलीत येतं. तरी विचारा.

सांगलीची_मेघना
विचारलं. मेट एसआरच, 10 च्या पट्ट्या. थायरो 5 बाटल्या, 100 गोळ्यांच्या. मिक्स 40 च्या 10 व्हायल. 625 च्या 30 पट्ट्या, 10 च्या. ब्रँड बदलला तर फक्त 625 चा चालेल, बाकी काही नाही. थायरोचं म्हणाले, "पेशंट एका कंपनीवर बसलेत, बदलू नकोस."

जुना_बिलिंगवाला
काकांचं बरोबर आहे. थायरॉइडच्या गोळीत ब्रँड बदलला की डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला सांगू शकतात. आता ऑर्डरचा मेल असा लिहा. औषधाचं नाव बिलावर आहे तसं इंग्रजीतच टाका:

"विषय: ऑर्डर, उद्या सकाळची गाडी

नमस्कार, खालील माल पाठवावा.
मेटफॉर्मिन एसआर 500 मिग्रॅ, 10 ची पट्टी: 20 पट्ट्या. पर्याय नको.
लिव्होथायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम, 100 ची बाटली: 5 बाटल्या. पर्याय नको.
इन्सुलिन 30/70, 40 युनिट प्रति मिली, 10 मिली व्हायल: 10 व्हायल. कार्ट्रिज पाठवू नये. थंड पेटीतूनच पाठवावे.
अमॉक्सिसिलिन 500 + क्लॅव्ह्युलॅनिक 125 मिग्रॅ, 10 ची पट्टी: 30 पट्ट्या. तातडीचे. पर्यायासाठी वेगळा मेल पाहावा.
जो माल शिल्लक नाही तो बिलात न घेता आज रात्रीच कळवावा."

दुसरा मेल:

"विषय: 625 साठी पर्याय, मंजुरीनंतरच बिल करावे

आमच्या ऑर्डरमधील 625 मिग्रॅ गोळी शिल्लक नसल्यास तेच घटक, त्याच ताकदीत आणि गोळीच्याच रूपात असलेले ब्रँड, एमआरपी, एक्स्पायरी आणि उपलब्ध पट्ट्या कळवाव्यात. 375 किंवा सिरप नको. आमच्या फार्मासिस्टने लेखी होकार दिल्याशिवाय बिल करू नये."

रानवारा
एक्स्पायरी मागितली ते बरं केलं. पर्याय म्हणून दोन महिन्यांचा माल गळ्यात मारतात.

सांगलीची_मेघना
दोन्ही मेल पाठवले, 9:20 ला. त्यांचं उत्तरही आलं. मेट आणि थायरो येतंय. 625 चे दोन ब्रँड कळवले. काकांनी एकाला हो म्हटलं, आणि दुकानात चिठ्ठी दुसऱ्या ब्रँडची आली तर डॉक्टरांना फोन करूनच देणार म्हणाले. 40 च्या व्हायल मात्र 6 च आहेत.

आता गेल्या आठवड्यातल्या कार्ट्रिजचं काय? ते म्हणतात फ्रिजचा माल परत घेत नाही.

जुना_बिलिंगवाला
त्यांचंही खरं आहे, तुमच्याकडे ती किती थंड राहिली हे त्यांना कसं कळणार? ऑर्डर फोनवर होती, त्यामुळे चूक कुणाची हेही सांगता येत नाही. बिलाचा फोटो आणि फ्रिजच्या तापमानाची वही असेल तर तिचं पान लावून मेल टाकून बघा. घेतील असं मी म्हणणार नाही.

सांगलीची_मेघना
तापमानाची वही नाही आमच्याकडे. उद्यापासून ठेवते.